दळण गिरणीचं की पीठ पाकिटातलं?

पोळीचा खरा निकाल दुपारी डबा उघडल्यावर लागतो. सकाळी तव्यावर टम्म फुगलेली पोळी चार तासांनी घडी उलगडताना तुटते, वातड लागते की तशीच मऊ राहते, हे तेव्हा कळतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी याच पोळीवरून वाद झाला. नेहमीच्या गिरणीतून दळून आणलेल्या पिठाच्या पोळ्या दुपारपर्यंत कडक व्हायला लागल्या होत्या. मध्येच दळण संपलं म्हणून आठवडाभरासाठी दुकानातून पाकीट आणलं, तर त्याच हातच्या, त्याच तव्यावरच्या पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ. "मग आपण गिरणीत जातोच कशाला?" असं मुलीने विचारलं. सासूबाईंचं मत पक्कं होतं: पाकिटात मैदा घालत असणार, त्याशिवाय पोळी इतकी मऊ राहायची नाही.

मैद्याचा संशय घराघरांत आहे, म्हणून आधी तेच पाहू. नुसत्या मैद्याची पोळी लाटून बघा. गरम असताना ती मऊ असते, पण गार झाली की चामड्यासारखी ओढावी लागते. चार तास मऊ राहणं हा मैद्याचा गुण नव्हेच. पोळी मऊ राहते ती तिच्यात धरून ठेवलेल्या पाण्यामुळे, आणि पीठ किती पाणी धरेल हे गव्हाच्या जातीइतकंच ते कसं दळलं यावर ठरतं.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग. बाहेरचा कोंडा साधारण १४-१५ टक्के, टोकाशी असलेला अंकुर दोन-तीन टक्के, आणि उरलेला सगळा पांढरा गर. या गरात स्टार्चचे, म्हणजे पिष्टाचे अतिसूक्ष्म कण प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट बसलेले असतात. अख्खा, न दुखावलेला पिष्टकण गार पाणी फारसं पीत नाही, आपल्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी. पण दगडाखाली रगडला जाऊन तो चिरला, फुटला, की त्याच्या चार-पाच पट पाणी पितो. दगडी चक्कीतल्या पिठात असे फुटके कण भरपूर असतात. रोलर मिलमध्ये, जिथे पोलादी रुळांमधून गहू टप्प्याटप्प्याने फोडत नेतात, तिथे ते कमी होतात. मैदा रोलर मिलमध्येच निघतो. म्हणून मैद्याची कणीक कमी पाण्यात भिजते आणि चक्कीचं पीठ पाणी मागत राहतं.

हे जास्तीचं पाणी दोन वेळा कामाला येतं. तव्यावर त्याची वाफ होते आणि पोळीचे दोन पापुद्रे सुटतात. भाजून झाल्यावरही त्यातलं काही पोळीत उरतं आणि तिला कडक होऊ देत नाही. शिवाय फुटक्या पिष्टाची थोडी साखर होते. चक्कीच्या पिठाच्या पोळीला जी किंचित गोडसर चव आणि तपकिरी ठिपके येतात, त्यात या साखरेचा वाटा असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याच्या जोरावर हल्ली महागडी पिठं विकली जातात. दगडावर दळलेलं पीठ थंड राहतं, असं सांगतात. हातानं फिरवायच्या जात्याबद्दल ते खरं आहे, कारण जातं सावकाश फिरतं. विजेच्या चक्कीबद्दल ते मुळीच खरं नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००१ साली निरनिराळ्या पद्धतींनी गहू दळून पिठाचं तापमान मोजलं होतं. दगडी चक्कीत ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं, हातोडी पद्धतीच्या चक्कीत ५५ पर्यंत, आणि रोलर मिलमध्ये फक्त ३५ पर्यंत. म्हणजे सगळ्यांत थंड दळण होतं ते रोलर मिलमध्ये! दगडाचा फायदा थंडपणात नाही, रगडण्यात आहे. आणि रगडलं की ऊब येणारच.

ऊब मर्यादेत असेल तर बिघडत नाही. ती वाढली की पीठ जळकट लागतं आणि गव्हातलं प्रथिन उष्णतेने दुबळं होतं. कणीक ताणली की तुटते, पोळी लाटताना कडा फाटतात. याची परीक्षा घरी करता येते. मूठभर कणकेचा घट्ट गोळा भिजवा, अर्धा तास पाण्यात ठेवा आणि मग वाटीभर पाण्यात हळूहळू चोळत धुवा. पांढरं पाणी, म्हणजे पिष्ट, निघून जातं आणि हातात एक चिकट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. हेच ग्लुटेन. काही वर्षांपूर्वी 'पिठात प्लास्टिक' म्हणून ज्या चित्रफिती फिरल्या, त्यांत लोक हाच गोळा ओढून दाखवत होते. तो प्लास्टिकचा नसतो, चांगल्या गव्हाची ती खूण आहे, आणि गिरणीच्या पिठातही तो तसाच निघतो. न निघता हातात नुसता चुरा आला, तर मात्र पीठ जळलं आहे किंवा गहू हलका आहे असं समजावं.

आता पाकिटाकडे येऊ. 'चक्की आटा' असं ज्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पीठ बहुतेक वेळा दगडावरच दळलेलं असतं. मोठ्या कारखान्यात अशा अनेक चक्क्या ओळीने चालतात. गल्लीतल्या गिरणीशी त्याचा फरक पडतो तो आधीच्या आणि नंतरच्या कामात. तिथे गव्हातले खडे, काड्या, माती यंत्रं वेगळी करतात. मग गव्हावर मोजून पाणी मारतात आणि काही तास मुरू देतात. कोंडा त्यामुळे चिवट होतो आणि गर मऊ पडतो. वेगवेगळ्या बाजारांतले गहू ठरलेल्या प्रमाणात मिसळतात, म्हणजे जानेवारीतलं पाकीट आणि जुलैतलं पाकीट सारखंच निघावं. दळल्यावर पीठ चाळतात, जाडसर भाग पुन्हा दळता येतो. पाकिटातल्या पोळीचा सारखेपणा येतो तो असा. त्यासाठी मैदा लागत नाही.

हे सगळं कळल्यावर मी आमच्या गिरणीत गेले. दळणाचा डबा ठेवला आणि काकांना विचारलं, "पाट्यांना टाकी कधी लावली होती?" ते थोडे ओशाळले. दिवाळीच्या आधी लावली होती, म्हणाले. म्हणजे पाच-सहा महिने होऊन गेले होते.

टाकी लावणं म्हणजे चक्कीच्या पाट्यांवरच्या बोथट झालेल्या खाचा छिन्नीने पुन्हा कोरणं. जुन्या काळी जात्याला टाकी लावणारे गल्लोगल्ली हाक देत फिरायचे. विजेच्या चक्कीला तर ती अधिकच लागते. खाचा धारदार असतात तोवर दाणा कापला जातो, रगडला जातो आणि पीठ झरझर बाहेर पडतं. खाचा झिजल्या की दाणा नुसता घासला जातो आणि पीठ तापतं. ते जळू नये म्हणून गिरणीवाला दोन पाट्यांमधलं अंतर वाढवतो, आणि मग पीठ रवाळ येतं. आमच्या पोळीचं दुखणं हेच होतं. रवाळ पिठात पिष्ट कमी फुटलेलं, कोंड्याचे तुकडे मोठे. असं पीठ सुरुवातीला कमी पाण्यात भिजल्यासारखं वाटतं, म्हणून आपण पाणी कमी घालतो, आणि पोळी दुपारी वातड होते.

पीठ घेतानाच हे ओळखता येतं. तोंडाशी पडणारं ताजं पीठ चिमटीत घेऊन चोळा. बारीक रव्यासारखं टोचलं तर जाड आहे. हात लावण्याइतकं कोमट असावं, चटका बसता कामा नये. भाजलेल्या चण्यासारखा करपट वास आला तर पाटे घासत आहेत. आणि टाकी नुकतीच लागली असेल तर आपलं दळण पहिलं देऊ नये, कारण पहिल्या काही किलोंत दगडाची बारीक कच येते. पोळीत कचकच लागते ती हीच. अन्नसुरक्षेच्या नियमांत आट्यामध्ये आम्लात न विरघळणारी राख ०.१५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. ती मोजतात मुख्यतः माती-वाळूची कच पकडायला. पाकिटाचं पीठ या तपासणीच्या कक्षेत असतं. गल्लीतल्या दळणाला कोणी तपासायला येत नाही, तिथे आपली जीभच तपासनीस.

काकांनी दोन दिवसांनी कारागीर बोलावून टाकी लावून घेतली. पुढचं दळण मी तीन-चार जणांच्या नंतर दिलं आणि "गव्हावरच टाका" असं सांगितलं. हे सांगणं जुन्या बायका कधी चुकवत नसत, आणि त्यात अर्थ आहे. आधी ज्वारी किंवा हरभराडाळ दळली असेल तर चक्कीत तिचं पीठ उरतं आणि आपल्या पहिल्या किलोत मिसळतं. थोड्याशा ज्वारीनेही कणकेची ताण कमी होते. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्यांनी तर उलट बाजूने सांभाळायला हवं. गहू दळणाऱ्या चक्कीतलं ज्वारीचं पीठ त्यांच्यासाठी सुरक्षित नाही.

त्या आठवड्यात घरी आम्ही एक साधी मोजणी केली. पाकिटाचं, जुन्या रवाळ दळणाचं आणि नव्या दळणाचं, अशी तिन्ही पिठं दोनदोनशे ग्रॅम घेतली. मीठ-तेल काही न घालता, मोजपात्रातून थोडं थोडं पाणी घालत सारखी मऊ होईपर्यंत कणीक मळली. रवाळ पिठाला साधारण १२० मिलिलिटर पाणी लागलं, पाकिटाच्या पिठाला आणि नव्या दळणाला १४०च्या आसपास. पण गंमत पुढे झाली. अर्धा तास झाकून ठेवल्यावर रवाळ पिठाची कणीक घट्ट झाली होती, कारण जाड कोंडा पाणी सावकाश पितो. तिला आणखी १५ मिलिलिटर पाणी लावून पुन्हा मळलं, तर त्या पोळ्याही दुपारी पुष्कळ बऱ्या राहिल्या. म्हणजे दळण जाड आलं तरी हातात उपाय आहे. कणीक हाताला जरा सैल वाटेल इतकी भिजवायची, अर्धा-पाऊण तास मुरू द्यायची आणि पाण्याचा हात लावून पुन्हा तिंबायची. घाईत भिजवून लगेच लाटलेल्या पोळ्या या पिठाला मानवत नाहीत. पाकिटाचं बारीक पीठ घाई सहन करतं. नोकरी करणाऱ्या घरांत पाकीट रुळलं त्याचं हे एक खरं कारण आहे.

गव्हाच्या जातीचाही यात भाग आहे, पण तो थोडक्यात सांगते. आपल्याकडे पोळीला लोकवन आणि सिहोर हे गहू जास्त खपतात. लोकवन हा शब्द खरं तर 'लोक-१' असा आहे. गुजरातेतल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं ते वाण आहे, आणि 'वन' म्हणजे इंग्रजीतला एक! दोन्ही गव्हांच्या पोळ्या चांगल्या होतात. बन्सी गहू मात्र फार कठीण असतो. तो रव्याला, शेवयांना उत्तम, रोजच्या पोळीला नव्हे.

आता चाळणी. गिरणीच्या दळणाची बाजू घेताना आपण सगळे म्हणतो, यात कोंडा असतो, पाकिटात नसतो. पण घरी आल्यावर पीठ बारीक चाळणीने चाळून तो कोंडा आपण गाईला घालतो किंवा टाकून देतो. मग फायदा उरला कुठे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम आट्यात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात आणि मैद्यात तीन ग्रॅमही नसतात. लोह आट्यात चार मिलिग्रॅमच्या आसपास, तर मैद्यात त्याच्या निम्म्याहून कमी. घट्ट चाळणीने चाळत गेलो की आपलं पीठ यांतल्या दुसऱ्या आकड्याकडे सरकत जातं. चाळायचंच असेल तर ते खडा-किडा निघावा एवढ्यासाठी, मोठ्या छिद्रांच्या चाळणीने.

पाकिटाचं पीठ चाळलं तर चाळणीत जवळजवळ काही उरत नाही. त्यावरून 'कोंडा काढून घेतला' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. कोंडा बारीक दळला गेला असेल तर तोही चाळणीतून जातो. रंगावरूनही काही सांगता येत नाही. सांगता येतं ते पाकिटाच्या मागच्या बाजूवरून. घटकांमध्ये फक्त गहू लिहिलेला असावा. पोषणमूल्यांच्या तक्त्यात तंतूंची ओळ शोधा. ती छापणं सक्तीचं नाही, पण बरेच उत्पादक छापतात. १०० ग्रॅमला १०-११ ग्रॅम असेल तर पीठ अख्ख्या गव्हाचं आहे. पाच-सहा असेल तर कोंडा बराच काढलेला आहे. ओळच नसेल तर दुसरं पाकीट घ्यावं. आणि 'मल्टिग्रेन' या मोठ्या अक्षरांना भुलण्याआधी घटकांची टक्केवारी वाचावी. पुष्कळ पाकिटांत नऊ भाग गहू आणि एका भागात बाकीची सगळी धान्यं असतात.

पाकीट खरोखर मागे पडतं ते ताजेपणात. अंकुरात तेल असतं आणि कोंड्याच्या थरात ते तेल फोडणारी विकरं असतात. अख्ख्या दाण्यात दोन्ही वेगळी राहतात, म्हणून गहू वर्षभर टिकतो. दळलं की दोन्ही एकत्र येतात आणि त्या क्षणापासून पीठ खवट होण्याच्या वाटेला लागतं. सुरुवातीला कळत नाही. मग गोडसर वास जातो, पुढे कच्चं पीठ जिभेवर किंचित कडू लागतं. पाकिटांवर साधारण तीन महिन्यांची मुदत असते, आणि कारखान्यातून गोदाम, दुकान करत ते आपल्याकडे येईपर्यंत त्यातले काही आठवडे गेलेले असतात. म्हणून पाकीट घेताना 'अमुक तारखेपूर्वी वापरा' यापेक्षा पॅक केल्याची तारीख बघावी. महिन्याच्या आतलं मिळालं तर उत्तम. कमी खपाच्या दुकानात मागच्या फळीवरचं पाकीट घेऊ नये.

गिरणीचं पीठही अमर नाही. दळून आणलं की ते कोमट असतं. तसंच डब्यात दाबून झाकण लावलं तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि लवकर जाळी लागते. परातीत किंवा कापडावर पसरून पूर्ण गार झाल्यावरच डबा भरावा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात १५ दिवस पुरेल एवढंच दळावं, थंडीत महिन्याचं चालतं. जुन्या पिठावर नवं ओतू नये. डबा रिकामा करून, पुसून, उन्हात ठेवून मगच भरावा.

राहिला पैशाचा हिशेब. भाव गावोगाव वेगळे, म्हणून इथे उदाहरण म्हणून आकडे धरते. तुम्ही तुमचे घाला. गहू ४० रुपये किलो आणि दळणावळ किलोला सहा रुपये धरली तर दहा किलोंचे ४६० रुपये झाले. निवडण्यात आणि चक्कीत मिळून ३०० ग्रॅम घट धरली तर हाती ९ किलो ७०० ग्रॅम पीठ येतं, म्हणजे किलोला साडेसत्तेचाळीस रुपयांच्या आत. आता चाळून ६०० ग्रॅम कोंडा काढून टाकला की तेच पीठ साडेपन्नास रुपये किलो पडलं. पाकिटाच्या किमतीत निवडण्याची मेहनत, पिशवी, वाहतूक आणि जाहिरातही असते. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद पिठावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. तरीही मोठ्या दुकानातल्या सवलतीत ते कधीकधी याच भावाला येतं. वर्षाचे गहू उन्हाळ्यात एकदम भरणाऱ्यांना गिरणी स्वस्त पडते. महिन्याला पाच किलो गहू किरकोळीत आणून, दळून, वर चाळणाऱ्याला ती स्वस्त पडत नाही.

घरघंटीबद्दल बरेच जण विचारतात. तिच्यात बहुधा दगड नसतो. फिरती पाती दाणा आपटून फोडतात आणि ठरावीक भोकांच्या जाळीतून पीठ बाहेर पडतं. पीठ कमी तापतं, आपल्यासमोर निघतं, दुसऱ्याचं धान्य मिसळत नाही. मात्र रगडणं कमी असल्याने ते पाणी थोडं कमी धरतं. तिच्यावर सगळ्यांत बारीक जाळी लावावी आणि कणीक जास्त वेळ मुरवावी.

आमच्या घरचा वाद असा मिटला. दळण गिरणीतच जातं, १५ दिवसांचं, बारीक, आणि चाळलं तर फक्त मोठ्या चाळणीने. आषाढ-श्रावणात गहू सादळतात, दळण चक्कीत चिकटतं, तेव्हा ताज्या तारखेचं पाकीट आणतो. ज्यांच्या जवळपास चालू गिरणी नाही किंवा आहे तिचे पाटे कायम बोथट असतात, त्यांनी मनात काही न ठेवता पाकीट वापरावं, तक्त्यातली तंतूंची ओळ तेवढी वाचून. आणि ज्यांच्या गल्लीत गिरणी अजून चालू आहे, त्यांनी पुढच्या वेळी डबा ठेवताना एवढं एक विचारा: टाकी कधी लावली?